प्रकल्प नोंदी: दवाखान्यातल्या रिसेप्शनची जागा

सोमवार, 3 जून 2024

ताईंनी सांगून टाकलं, 29 तारीख शेवटची. सात वर्षं खिडकीत बसल्या, आता मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला जाणार, परत येतील असं वाटत नाही. डॉक्टरांनी नवं माणूस शोधायचं काम माझ्याकडे दिलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दवाखान्याचा हिशेब मीच बघतो, त्यामुळे "काका, तेवढं जाहिरातीचंही बघा" हे ओघानंच आलं.

दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या बाजूला. डॉक्टर एकच, खोल्या दोन, ड्रेसिंगला आणि औषधाला कंपाउंडर मामा, साफसफाईला आणि बाया-बापड्यांच्या तपासणीत उभं राहायला मावशी. सकाळ-संध्याकाळ मिळून शंभराच्या आसपास पेशंट. डॉक्टरांनी दोन पेशंटच्या मधे प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवरच मजकूर लिहून दिला:

"दवाखान्यासाठी रिसेप्शनिस्ट पाहिजे. फक्त मुली. पदवीधर, स्मार्ट, कॉम्प्युटरचे ज्ञान. मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू येणे आवश्यक. वेळ: फुल टाइम. पगार: अनुभवानुसार. त्वरित संपर्क साधा."

खाली दवाखान्याचा नंबर. मला काही वावगं वाटलं नाही. अशा शेकडो जाहिराती वाचल्यात, सगळ्या अशाच असतात.

मंगळवार, 4 जून

मतमोजणी. ओपीडी जवळपास रिकामी, सगळे टीव्हीसमोर. तेवढ्या वेळात मजकूर टाइप केला, मागे निळा रंग दिला आणि चार ग्रुपवर चित्र करून टाकला: हाउसिंग सोसायटी, माझा बँकेचा जुना ग्रुप, औषध दुकानदारांचा आणि पुतणीच्या कॉलेजचा. दारावरही एक प्रत चिकटवली.

गुरुवार, 6 जून

दोन दिवसांत 38 फोन. मामांनी वहीत रेघा मारून ठेवल्यात म्हणून आकडा सांगता येतो. फोन यायचे ते सगळे सकाळी साडेदहा ते एकमध्ये, म्हणजे ऐन गर्दीत. जाहिरातीत जो नंबर दिला त्याच नंबरवर पेशंट नंबर लावतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. परवा एक बाई दोन तास फोन लावत होती म्हणे, शेवटी तापलेल्या पोराला घेऊन तशीच आली. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "नोकरीवाल्यांनी लाइन अडवून धरलीय, पेशंटांनी काय करायचं ओ?"

फोनवर प्रत्येकाचे प्रश्न तेच तीन. किती ते किती? पगार किती? दवाखाना नेमका कुठं? तिन्हीचं उत्तर जाहिरातीत नाही. म्हणजे मी 38 माणसांकडून तीच तीन वाक्यं तोंडी वदवून घेतली. त्यातल्या बहुतेकांनी "सकाळी येऊन दुपारी घरी, परत संध्याकाळी" हे ऐकलं की "कळवते" म्हणून फोन ठेवला. एका बाईनं तर मलाच विचारलं, "आधी रजिस्ट्रेशनचे किती भरायचे?" तिच्याकडून पूर्वी कुणीतरी नोकरीच्या नावाखाली पैसे उकळले होते. तिघींनी न मागता आधार कार्डाचे फोटो पाठवले. ते मी लगेच पुसून टाकले आणि तसं कळवलंही.

कामाची म्हणावी अशी नावं दोन. त्यांतली एक इंग्रजी छान बोलते, तेलुगू अजिबात नाही.

शनिवार, 8 जून

ताई आज रजेवर, म्हणून त्या दुसरीला एका दिवसासाठी बोलावून बसवलं, दिवसाचे पैसे ठरवून. मुलगी हुशार, अक्षर चांगलं. अर्जात "तेलुगू: समजते" असं होतं.

साडेअकराला एक म्हातारी आली, सोबत कुणी नाही. विड्या वळणारी असावी, बोटांवरून कळतं. खिडकीत हात टेकून म्हणाली, "आयासम वस्तुंदि." मुलीनं मान डोलावली, नाव लिहिलं, 34 नंबर दिला आणि बाकावर बसवलं. आत तेव्हा 21 नंबर चालू होता.

मामा ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर आले, त्यांनी म्हातारीच्या खांद्यांकडे पाहिलं आणि ओरडलेच, "ती आयासम आयासम म्हणायलीय आणि तुम्ही बसा म्हणायलाव?" थेट आत घेतलं. दम्याचा जुना त्रास, नेब्युलायझर लावला, अर्ध्या-पाऊण तासात बाई बोलायला लागली. धोका टळला.

मुलीला रागावून उपयोग नव्हता. ती म्हणाली, "काका, मला वाटलं थकलेय म्हणते. आयास म्हणजे कष्ट ना?" मराठीत तसंच. अनायासे, सायास, आयास, सगळे कष्टाचेच शब्द. तेलुगूत मात्र आयासम म्हणजे धाप. शब्द एकच, पण एका भाषेत तो बाकावर बसवतो आणि दुसऱ्या भाषेत आधी आत पाठवतो. "समजते" या एका शब्दावर मी तिला खिडकीत बसवलं, चूक माझी.

संध्याकाळी डॉक्टरांना म्हटलं, जाहिरात मागे घेतो आणि आधी आपल्याला काय हवंय ते मोजतो. ते म्हणाले, "मोजायचं काय त्यात?" तरी होकार दिला.

बुधवार, 12 जून

सोमवार आणि मंगळवार ताईंनी खिडकीत एक कागद ठेवला. पेशंट पहिलं वाक्य ज्या भाषेत बोलेल त्या रकान्यात एक रेघ. पाचवी रेघ आडवी, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. मंगळवारचा कागद असा:

सकाळी 62 पेशंट. मराठी 27, तेलुगू 24, हिंदी 8, कन्नड 3.

संध्याकाळी 41. मराठी 22, तेलुगू 9, हिंदी 8, कन्नड 2.

सोमवारचंही चित्र साधारण हेच. कारण ताईंनी बसल्या जागी सांगितलं. सकाळी येतात त्या घरातल्या बाया आणि म्हाताऱ्या. विड्या देऊन त्याच पावली इकडे वळतात. यांचं सगळं आयुष्य तेलुगूत गेलंय. संध्याकाळी येतात ते यंत्रमागावरचे, दुकानांतले पुरुष आणि शाळेतली पोरं. घरी तेलुगू असलं तरी ते खिडकीत मराठी किंवा हिंदी बोलतात. शिवाय संध्याकाळी मामा खिडकीशेजारीच औषधाला बसतात, त्यांची मातृभाषाच तेलुगू. सकाळी ते आतल्या खोलीत ड्रेसिंगला अडकलेले.

म्हणजे तेलुगूची गरज सकाळी पक्की, संध्याकाळी असली तर बरी. जाहिरातीत मात्र चार भाषा एका ओळीत, सगळ्या "आवश्यक".

इंग्रजीचंही तपासलं. ताई सात वर्षांत खिडकीत इंग्रजी किती बोलल्या? त्या हसल्या. एकदा कुणी औषध कंपनीचा साहेब आला होता, तोही नंतर हिंदीवर आला. इंग्रजी लागतं ते वाचायला. रक्ताच्या रिपोर्टवरचं नाव आणि वय आपल्या रजिस्टरशी जुळवायला, CBC आणि Creatinine हे दोन वेगळे कागद आहेत एवढं ओळखायला, कॉम्प्युटरमध्ये नाव रोमनमध्ये टाकायला.

गुरुवार, 13 जून

आज ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कधी सुचली नसती. त्यांच्या गल्लीतल्या दोन मुलींनी दारावरची जाहिरात वाचली होती. दोघी घरी तेलुगूच बोलतात. तरी फोन केला नाही. का? "तेलुगू येणे आवश्यक" वाचून त्यांना वाटलं की लिहिता-वाचता यायला हवं. इथली बरीच पोरं मराठी शाळेत शिकलेली असतात. आजीशी फडाफडा बोलतील, पण तेलुगू लिपीतलं एक अक्षर ओळखणार नाहीत. विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतील, "बोलता येतं, येत नाही तसं."

आणि ज्या मुलीला "समजते" होतं, तिनं अर्ज केला.

आमच्या जाहिरातीनं हवं ते माणूस घरी बसवलं आणि नको ते खिडकीत आणलं, ते एवढ्या एका "येणे"मुळे. भाषा येणं म्हणजे ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं, चारही वेगळी कामं. आम्हाला तेलुगूतली पहिली दोन हवीत, इंग्रजीतलं तिसरं पुरे, मराठीतली चारही. हे असंच लिहायचं.

शनिवार, 15 जून

वेळेचा हिशेब. पाटीवर संध्याकाळची ओपीडी 6 ते 9. या आठवड्यात शेवटचा पेशंट बाहेर पडल्याची वेळ मामांनी टिपली: सोम 9.25, मंगळ 9.40, बुध 9.10, गुरू 9.35, शुक्र 9.20, आज 9.55. त्यानंतर गल्ला मोजायला दहा मिनिटं. म्हणजे "9 वाजता सुट्टी" असं छापलं असतं तर पहिल्याच आठवड्यात खोटं पडलं असतं. नऊनंतर शेअर रिक्षा कमी होतात. मुलगी दहापर्यंत घरी आली नाही की चौथ्या दिवशी वडील दारात उभे राहणार, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न दुपारचा. 9.15 ते 1.45 आणि 5.30 ते 9, असे आठ तास होतात. कागदावर ते "फुल टाइम". प्रत्यक्षात मधे पावणेचार तासांचं भगदाड. लांब राहणाऱ्याला दिवसाच्या चार खेपा, चार वेळचं रिक्षाभाडं. ताई पाच मिनिटांवर राहतात म्हणून सात वर्षं निभलं. फोनवरच्या बायका "कळवते" म्हणत होत्या त्याचं कारण हेच.

डॉक्टरांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक, जागा एक नको, दोन अर्ध्या वेळच्या करू. दोन, संध्याकाळी नवे नंबर साडेआठला बंद, आणि रिसेप्शनचं माणूस ठोक 9 ला मोकळं. त्यापुढचे पेशंट आणि गल्ला मामा बघतील. मामांना त्याबद्दल महिन्याला जादा. मामांनी आकडा ऐकला आणि मान डोलावली.

डॉक्टरांना पैशाची धास्ती. पण वाढतंय कुठं? आठ तासांना 16,000 द्यायचेच होते. म्हणजे रोजच्या एका तासामागे महिन्याला 2,000. सकाळचे साडेचार तास 9,000, संध्याकाळचे साडेतीन 7,000. बेरीज तीच. वर फायदा असा की एक आजारी पडली तर दुसरीला विचारता येतं. जादा गेले ते फक्त मामांचे.

"फक्त मुली" यावर थोडी खेचाखेच झाली. डॉक्टर म्हणाले, बाई पेशंटना बरं वाटतं. मी म्हटलं, तपासणीत मावशी असतातच, खिडकीत नंबर लिहायला मुलगा असला तर काय बिघडतं? ते गेलं. "स्मार्ट" मी न विचारताच खोडलं. "पदवीधर"ही गेलं, कारण ताई स्वतः बारावी.

रविवार, 16 जून

दवाखाना बंद. शांतपणे लिहून काढलं. पाच वेळा खोडलं, तेव्हा हे हाती आलं:

> दवाखान्यात रिसेप्शनसाठी दोन जागा: अशोक चौक परिसर, सोलापूर
>
> वेळ: सकाळ 9.15 ते 1.45 किंवा संध्याकाळ 5.30 ते 9.00. दोन्हींपैकी एकच पाळी. रात्री 9 ला नक्की सुट्टी. रविवार बंद.
>
> पगार: सकाळ 9,000, संध्याकाळ 7,000 रुपये महिना.
>
> काम: पेशंटचं नाव लिहून नंबर देणं, फोन घेणं, पैसे घेऊन पावती देणं, रिपोर्ट लावून ठेवणं. कॉम्प्युटरवर नाव टाइप करता आलं तरी पुरे, बाकी शिकवू.
>
> भाषा: मराठी लिहिता-वाचता यावी, हिंदी बोलता यावी. सकाळच्या पाळीला तेलुगू घरच्यासारखी बोलता यायलाच हवी, लिहिता-वाचता आली नाही तरी चालेल. संध्याकाळी तेलुगू येत असेल तर उत्तम. कन्नड येत असेल तर जरूर सांगा. इंग्रजी फक्त वाचता यावी.
>
> शिक्षण: बारावी. अनुभव नसला तरी चालेल. स्त्री-पुरुष कोणीही.
>
> अर्ज: खालच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा. नाव, राहण्याचा भाग आणि कोणती पाळी हवी ते मराठीत सांगा. सकाळच्या पाळीसाठी पुढचं वाक्य तेलुगूत: "डॉक्टर अकरा वाजता येतील, तोपर्यंत बसा, पण दम लागत असेल तर लगेच सांगा." फोटो, आधार कार्ड पाठवू नका. फोन करायचाच असेल तर दुपारी 2 ते 4. कुणालाही कसलेही पैसे देऊ नका. शेवटची तारीख: शनिवार, 22 जून 2024.

नंबर माझ्या जुन्या फोनचा, जो एरवी नातवाच्या खेळायच्या कामी येतो. आठवडाभर नातू नाराज.

या वेळी चित्र केलं नाही, साधा मजकूर पाठवला. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, तो पाहून पाहून टाइप करावा लागतो आणि एक आकडा चुकतो. तारखेत वर्षही घातलं, कारण असे मजकूर ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरत राहतात.

ताईंनी एक दुरुस्ती सुचवली. मी आधी "तेलुगू मातृभाषा असल्यास प्राधान्य" असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, त्याचा अर्थ लोक जात विचारतायत असा घेतील." खरंच. इथं कित्येक मराठी, मुसलमान, लिंगायत घरांतली पोरं शेजारामुळे अस्सल तेलुगू बोलतात. "घरच्यासारखी" हा शब्द ताईंचाच.

छापील छोट्या जाहिरातीलाही द्यायचं ठरलं. तिथं पैसे शब्दांवर, म्हणून एवढंच ठेवलं: "अशोक चौक दवाखान्यात रिसेप्शन. सकाळ 9.15–1.45 (तेलुगू बोलणं आवश्यक) / संध्या. 5.30–9. बारावी. 22 जूनपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश." आणि नंबर. पगार कापावा लागला, ते खटकतंय. भाषा आणि वेळ मात्र सोडली नाही.

बुधवार, 19 जून

सोमवारी ईदची सुट्टी होती, त्यामुळे लोकांना वेळ मिळाला असावा. आत्तापर्यंत 14 संदेश. फोन दोनच, दोन्ही दुपारी. ओपीडीची लाइन मोकळी.

आवाजी संदेशाबद्दल मला धाकधूक होती, मुली लाजतील म्हणून. दोघी-तिघींनी खरंच लिहूनच पाठवलं. त्यांना वगळलं नाही, दुपारी फोन करून बोललो. पण आवाजातून जे कळतं ते बायोडेटात कुठलं? एकीच्या मागे कुकरची शिट्टी, ती थांबली, हसली, "सॉरी, परत सांगते" म्हणाली आणि वाक्य पहिल्यापासून नीट सांगितलं. खिडकीत दिवसभर हेच करावं लागतं.

तेलुगूचे संदेश ऐकायला मामांना बसवलं. मला त्यातलं "डॉक्टर" सोडून काही कळत नाही. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे: "ही सिनेमा बघून शिकलीय." "ही आपली." एका मुलीनं "दम लागत असेल तर"साठी आपणहून "आयासम" शब्द वापरला. मामांनी डोळे उघडले.

शनिवार, 22 जून

काल वटपौर्णिमा, सकाळी गर्दी अगदीच तुरळक. ताईंना दुपारपर्यंत सुट्टी दिली, खिडकीत मी बसलो. दोन तासांत तीन नावं चुकीची लिहिली आणि एका पेशंटला पन्नास रुपये जादा परत दिले. बँकेत 31 वर्षं काढलेल्या माणसाची ही गत.

मुदत संपली. एकूण 19. सकाळसाठी 8, त्यातल्या 5 जणींची तेलुगू मामांच्या पसंतीची. संध्याकाळसाठी 11, त्यात दोन मुलगे.

मंगळवार, 25 जून

काल आणि आज दुपारी सात जणांना बोलावलं. मुलाखत म्हणजे दहा मिनिटं प्रत्यक्ष खिडकीत. समोर मावशी पेशंट होऊन उभ्या, तेवढ्यात मी बाहेरून फोन करणार. फोन उचलताना समोरच्याला "एक मिनिट" म्हणतात की नाही, आणि फोन ठेवल्यावर त्याचं नाव आठवतं की नाही, एवढंच पाहिलं. मावशींनी भूमिका फारच मनावर घेतली, एकदा तर खरोखर चक्कर आल्याचं सोंग केलं.

सकाळसाठी आयासमवाली मुलगी. कळलं ते मजेशीर: तिच्या घरची भाषा मराठीच, तेलुगू शेजारच्या अम्मांकडून. संध्याकाळसाठी बी.कॉम. करणारा मुलगा, दिवसा कॉलेज, कन्नड अस्खलित, तेलुगू मोडकी. दोघांना पहिला महिना पूर्ण पगारावर, महिन्याअखेर दोन्हीकडून हो किंवा नाही. लेखी दिलं, एक पान.

उरलेल्या सतराही जणांना "जागा भरली, धन्यवाद" असं कळवलं. ज्या ज्या ग्रुपवर टाकलं होतं तिथंही तेच. दारावरचा कागद काढला.

शनिवार, 29 जून

ताईंचा शेवटचा दिवस. गेले तीन दिवस त्या नव्या मुलीशेजारी बसत होत्या. निघताना त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. देवनागरीत, त्यांच्याच अक्षरात: "आयासम – धाप, लगेच आत. कळ्ळु तिरुगुतुन्नायि – चक्कर, लगेच आत. कडुपु नोप्पि – पोटदुखी, कुठं ते विचारा." संध्याकाळच्या मुलासाठी. त्यानं खाली कन्नडमधलं "तले सुत्तु – चक्कर" असं स्वतःचं जोडलंय.

निळ्या रंगातली पहिली जाहिरात अजून फिरतेय. आज सकाळी अकराला, ऐन गर्दीत, दवाखान्याच्या नंबरवर फोन: "फुल टाइम म्हणजे किती ते किती ओ?" नव्या मुलीनं समोरच्या पेशंटला "एक मिनिट" म्हटलं आणि जागा भरल्याचं सांगितलं.

रात्री 9 वाजून 4 मिनिटांनी मुलगा सायकल काढून गेला. चार मिनिटं कशात गेली ते सोमवारी मामांना विचारायचं आहे.